२ चे घात ११ ने भागताना

आधी एक सवय मोड: १०२४ पर्यंत जाऊन मग भागाकार करत बसू नकोस. आलेली बाकीच दुप्पट कर, ११ किंवा जास्त झाली तर ११ वजा कर. २, ४, ८, मग १६ चे ५, पुढे १०, ९, ७, ३, ६ आणि दहाव्या पायरीला १. एकदा १ आला की पुढे पुन्हा २ पासून तीच रांग. ज्या सर्वात लहान घाताला बाकी १ येते त्याला कोटी म्हणतात, म्हणून २ ची कोटी १०.

पण सगळी रांग लिहायचीही गरज नाही. ११ मूळ संख्या आहे, त्यामुळे फर्माच्या प्रमेयानुसार दहाव्या घाताला बाकी १ येणारच, आणि कोटी १० चा विभाजक असणार: १, २, ५ किंवा १०. दुसऱ्या घाताला बाकी ४, पाचव्याला ३२ म्हणजे १०. दोन्ही ठिकाणी १ नाही, मग उरतात १०च.

नवखे इथेच फसतात (मीही फसलो होतो): दहावा घात १ देतो, म्हणून कोटी दहाच, असं धरून चालतात. ३ घेऊन बघ: ३, ९, ५, ४, १. पाचातच खेळ आटोपला. म्हणून लहान विभाजक आधी तपास.