काकांनी उलटी मोजलेली दृष्टी

प्रश्न: गुरू, शनी, मंगळ यांना सातवीशिवाय जादा दृष्टी असतात म्हणे. त्यांनी फलित खरंच बदलतं का?

बदलतं. आमच्या घरात तर एक सोयरीक मोडली, तीही दृष्टी भलत्याच घरात टाकल्यामुळे.

आम्ही निपाणीकडचे. बहिणीचा जन्म आजोळी, गोकाककडे, फेब्रुवारी १९९२ च्या अखेरीस रात्री साडेदहाला. तिथल्या शास्त्र्यांनी पत्रिका कन्नडमध्ये मांडून दिली, म्हणजे चौकोनी. तिच्यात राशी जागा सोडत नाहीत: वर डाव्या कोपऱ्यात मीन, शेजारी मेष आणि पुढे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. आपल्या कुंडलीत लग्न, म्हणजे पहिलं घर, वर मधोमध आणि मोजायचं काट्यांच्या उलट. काकांचा सगळा जन्म आपल्या कुंडलीत गेलेला. 'कु' म्हणजे कुज, म्हणजे मंगळ, एवढं त्यांनी बरोबर ओळखलं आणि बोट मात्र सवयीने उलटं फिरवलं.

तूळ लग्न, चौथ्यात मकरेत मंगळ आणि शनी एकत्र. काकांनी निकाल दिला, "मंगळाची चौथी दृष्टी लग्नावर, म्हणजे पोरगी तापट. शनीची दहावी सप्तमावर, विवाहाच्या घरावर, म्हणजे विवाह रखडणार." चांगलं स्थळ आलेलं, परत गेलं.

आता सरळ मोजा, ग्रह ज्या घरात आहे ते पहिलं धरून. मकर, कुंभ, मीन, मेष: मंगळाची चौथी सप्तमावर पडते. मेष त्याचीच रास, शिवाय तो मकरेत उच्चीचा. सप्तमेश स्वतःच्या घराकडे बघतोय, तर ते घर बळावतं. चौथ्यातला मंगळ दोषात धरतात तो याच दृष्टीमुळे, पण इथे घर त्याचंच आहे हे बघायला नको? शनीची दहावी येते तुळेवर, म्हणजे लग्नावर, आणि तूळ लग्नाला शनी योगकारक. म्हणजे दोघांच्या दृष्टींची काकांनी चक्क अदलाबदल केली.

गंमत गुरूची. तो अकराव्यात सिंहेत. सरळ मोजलं तर त्याची नववी मेषेवर, उलट मोजलं तर पाचवी मेषेवर. पाच आणि नऊ उलटीकडून एकमेकांच्या जागी येतात, त्यामुळे गुरूपाशी चूक कळतच नाही. मंगळाची चौथी मात्र त्याच्यापासून दहाव्या घरात जाते, आठवी सहाव्यात. शनीची तिसरी अकराव्यात, दहावी चौथ्यात. म्हणून पडताळा घ्यायचा तर मंगळ-शनीवर घ्या.

आणि हो, नुसत्या दृष्टीवर विवाहाचं काही ठरवू नका. दशा आणि नवांश बघावे लागतातच. राहू-केतूंना पाचवी-नववी दृष्टी काही जण देतात, मी देत नाही.

काका अजून म्हणतात, कन्नड पत्रिकाच चुकीची होती. मागच्या दिवाळीत मी तीच पत्रिका आपल्या पद्धतीने मांडून त्यांच्यापुढे ठेवली. चष्मा लावून दोनदा मोजली आणि म्हणाले, "चहा टाक."