रूमची लिमिट ओलांडली म्हणून क्लेम ६० टक्क्यांवर आणला

प्रश्न: आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, बिल २,३०,००० रुपये. पॉलिसीत रूम रेंटची लिमिट रोज ३,००० होती, आम्ही ५,०००ची रूम घेतली, चार दिवस. कंपनी १,३८,०००च द्यायला तयार आहे आणि व्हाउचरवर सही मागतेय. करू का?

उत्तर: ताई, थांबा जरा, आधी बिलाचा ब्रेकअप काढा. कंपनीने काय केलंय तर ३,००० भागिले ५,००० म्हणजे ६० टक्के धरून सगळ्या बिलालाच कात्री लावलीय, आणि तसं करता येत नाही. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२० च्या गाईडलाईन्सप्रमाणे (जुन्या पॉलिसींनाही एप्रिल २०२१ पासून लागू) औषधं-कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट आणि टेस्ट यांवर ही प्रपोर्शनेट कपात लावायचीच नाही, आयसीयूच्या चार्जेसवरही नाही.

समजा तुमचं बिल असं आहे: रूम २०,०००, सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी, नर्सिंग मिळून ८०,०००, इम्प्लांट ७०,०००, औषधं ४५,००० आणि टेस्ट १५,०००. मग शेवटचे तिन्ही, म्हणजे १,३०,००० पूर्ण मिळायला हवेत, रूमचे १२,००० आणि ८०,०००चे ४८,०००, झाले १,९०,०००. ग्लोव्हजसारखं जे पॉलिसीतच वगळलेलं असतं तेवढं त्यातून कमी होईल. रूमचे वरचे ८,००० मात्र विसरा, ते तुमच्याच खिशातले, त्यावर भांडलात तर बाकीचा मुद्दा पातळ होतो.

अजून एक गोष्ट आहे जी बहुतेक लोक विचारतच नाहीत. हॉस्पिटलमध्ये सर्जनची फी जनरल वॉर्डला आणि प्रायव्हेट रूमला सारखीच असेल तर त्या फीवरही कपात लागत नाही. बिलिंग काउंटरवरून रेटकार्ड घ्या आणि तसं लेटरहेडवर लिहून मागा. समजा ८०,०००मधली ४०,००० सर्जनची असेल तर अजून १६,००० वाढतात. हॉस्पिटलवाले लेटर द्यायला कुरकुर करतील, तरी पाठ सोडू नका.

व्हाउचरबद्दल: सही करायला हरकत नाही, पण "रक्कम निषेध नोंदवून स्वीकारली, उरलेल्या रकमेचा हक्क राखून" असं सहीजवळ लिहा आणि त्याच दिवशी तसाच ईमेल टाका. २०१५ च्या आयआरडीएआय सर्क्युलरप्रमाणे व्हाउचरवर सही केली म्हणून जास्त रक्कम मागायचा हक्क जात नाही, पण निषेध न लिहिता सही केलीत तर पुढे "तुम्ही तर राजीखुशीने घेतली" हे ऐकून घ्यावं लागतं.

मग कंपनीच्या ग्रिव्हन्स ऑफिसरला वरचा हिशोब आणि रेटकार्ड जोडून पाठवा. फोनवर "दहा-पंधरा हजार वाढवून देतो, मिटवून टाका" असं आलं तर ऑफर ईमेलवर मागा आणि कुठल्या हेडखाली किती वाढवले ते विचारा. महिनाभरात उत्तर नाही किंवा नकार आला तर विमा लोकपाल, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, फी नाही, फक्त नकारानंतर वर्षाच्या आत जायचं. तिथे वकील चालत नाही, म्हणजे मीही नाही, तुम्हालाच बोलावं लागेल, तेव्हा ब्रेकअपचा कागद नीट टाईप करून घ्या.