व्हिएतनामी भाषेतले काइ, कॉन आणि चिएक

प्रश्न : "निर्जीव वस्तूला 'काइ' आणि प्राण्याला 'कॉन' असं शिकलो. मग सुरी आणि नदी 'कॉन' कशा? 'चिएक' नेमकं कुठे वापरायचं? आणि हे शब्द गाळले तर काय बिघडतं?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला की बाकीचे सोपे होतात.

व्हिएतनामी नामाला अनेकवचनाचं रूप नाही. 'मेओ' म्हणजे नुसतं मांजर ही जात; एक, दहा की सगळी, ते त्या शब्दात नाही. 'मला मांजरं आवडतात' म्हणायचं असेल तर नुसतं 'मेओ' पुरतं. मोजायचं झालं की मात्र आधी त्या जातीतून एक नग वेगळा काढावा लागतो, आणि ते काम 'कॉन' करतो. 'बा कॉन मेओ' म्हणजे तीन मांजरं. 'बा मेओ' म्हटलंत तर समोरच्याला अर्थ लागेल, पण वाक्य मोडकं वाटेल. मराठीत 'पाच जण आले' म्हणताना 'जण' जे करतो, तेच तिथे जवळजवळ प्रत्येक नामाला करावं लागतं. क्रमही पक्का आहे: संख्या, मग हा शब्द, मग नाम, विशेषण नामानंतर आणि 'हा/ही' सगळ्यात शेवटी. 'बा कॉन मेओ डेन नाय', म्हणजे ही तीन काळी मांजरं.

संख्या नसली तरी हा शब्द कामाचा असतो. 'कॉन मेओ' म्हटलं की ऐकणारा बहुधा ठरावीक मांजर समजतो, आपण आत्ता ज्याच्याबद्दल बोलत होतो ते. म्हणून हे शब्द फक्त मोजणीपुरते पाठ केले तर अर्धी गोष्ट हातची जाते.

नगाचा आकार नामात नसून या शब्दात असतो, हे केळ्यांवरून चांगलं कळतं. 'चुओइ' म्हणजे केळं, केळ, सगळंच. 'हाइ क्वा चुओइ' म्हणजे दोन केळी (दक्षिणेत 'क्वा'ऐवजी 'ट्राइ' म्हणतात). 'हाइ नाइ चुओइ' म्हणजे दोन फण्या, 'हाइ बुओंग चुओइ' म्हणजे दोन अख्खे घड आणि 'हाइ कय चुओइ' म्हणजे केळीची दोन झाडं. नाम तेच राहिलं, मधला शब्द बदलला आणि पिशवीत काय येणार ते बदललं. बाजारात घोटाळा होतो तो इथेच, उच्चार बरोबर असूनही.

आता सुरी आणि नदी. 'कॉन'चा गाभा प्राणी हाच आहे: कुत्रा, कोंबडी, मासा. पण नदी, रस्ता, होडी, डोळा, सुरी, बाहुली, टपालाचं तिकीट, इतकंच काय, आकडासुद्धा 'कॉन' घेतो. नदी वाहते, होडी चालते, डोळा हलतो, म्हणून जे हलतं ते 'कॉन' असं सांगितलं जातं. लक्षात ठेवायला हे बरं आहे, पण त्यावरून अंदाज बांधू नका. गाडी चालते, तरी तिला 'कॉन' नव्हे तर 'चिएक' किंवा 'काइ' लागतो. माझं मत स्पष्ट आहे: 'कॉन ज़ाओ' (सुरी) आणि 'कॉन सोंग' (नदी) हे जोडशब्दासारखे एकत्रच पाठ करावेत, जसं आपण नामाबरोबर त्याचं लिंग शिकतो.

'चिएक'चं सगळ्यात नेमकं काम जोडीतला एक नग दाखवणं. जेवणाच्या काड्यांना 'दुआ' म्हणतात. 'मोत डोइ दुआ' म्हणजे काड्यांची एक जोडी, 'मोत चिएक दुआ' म्हणजे त्यातली एकच काडी. जेवताना एक काडी खाली पडली तर 'चिएक'. दोन माणसांसाठी काड्या मागायच्या तर 'हाइ डोइ'. तिथे 'हाइ चिएक' म्हटलंत तर ते एकाच माणसापुरतं झालं. बूट, चपला, मोजे यांचंही असंच. याशिवाय गाडी, विमान, जहाज यांनाही 'चिएक' लागतो, आणि पुष्कळ वस्तूंना तो 'काइ'च्या जागी चालतो. लिखाणात तो जास्त दिसतो, बोलण्यात 'काइ' सरस. वस्तूचा खास शब्द आठवला नाही तर 'काइ' वापरून निभावता येतं. प्राण्याला आणि माणसाला मात्र तो वापरू नका.

माणसांसाठी 'ङुओइ' आहे. अनोळखी माणसाचा उल्लेख 'कॉन' लावून केला तर तो अपमान ठरू शकतो.

गाळायची मुभा कुठे आहे, तेही सांगतो. दिवस, आठवडा, वर्ष ही स्वतःच मापं आहेत, म्हणून 'हाइ ङाय' (दोन दिवस) यात मध्ये काही येत नाही. दुकानात 'दोन कॉफी' सांगताना पेल्याचा शब्द गाळतात, कारण पेलाच येणार हे दोघांना ठाऊक असतं. उलट, नाम गाळून हा शब्द ठेवणं तर रोजचं आहे. कोंबडीवालीने 'मय कॉन?' (किती?) विचारलं की 'हाइ कॉन' एवढंच उत्तर द्यायचं, कोंबडीचं नाव पुन्हा घ्यायची गरज नाही. पण 'कॉन'चा अर्थ अपत्य असाही आहे. त्यामुळे घरच्यांची चौकशी चाललेली असताना कुणी 'हाइ कॉन' म्हणालं, तर त्याला दोन मुलं आहेत असं समजा.