‘आजोबा आले’, मग ‘आजोबांनी चहा घेतला’ का?

प्रश्न: माझी भाषा इंग्रजी आहे. सरावाची वाक्यं मराठीत करताना मी ‘आजोबा आले’ आणि ‘आजोबांनी चहा घेतले’ असं लिहिलं. पहिलं बरोबर आणि दुसरं चूक, असं का? मोठ्यांसाठी क्रियापद अनेकवचनी असतं ना?

उत्तर: असतं, पण क्रियापद कर्त्याप्रमाणे चालत असेल तरच. ‘आजोबा आले’मध्ये ते आजोबांकडे बघतं, म्हणून एकटे आजोबा असले तरी ‘आले’. बाईमाणसाबद्दल बोलताना ‘आल्या’ म्हणायचं: सासूबाई आल्या, मॅडम आल्या. सोबतचे शब्दही बदलतात, ‘माझे आजोबा’, ‘माझ्या सासूबाई’.

‘घेणे’, ‘खाणे’, ‘लिहिणे’ यांसारख्या, कर्म घेणाऱ्या बहुतेक क्रियापदांचा भूतकाळ आला की आजोबांसारख्या आदरार्थी कर्त्याला ‘नी’ लागतो आणि क्रियापद कर्माकडे वळतं. शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणतात. चहा पुल्लिंगी एकवचनी, म्हणून ‘घेतला’. आजोबांनी पोळी खाल्ली, आजोबांनी दोन पोळ्या खाल्ल्या. तुमच्या ‘चहा घेतले’मध्ये आदर चहाला मिळाला!

आजोबांचा मान मात्र कुठे गेलेला नाही, तो ‘आजोबांनी’मधल्या अनुस्वारात आहे. ‘आजोबाने’ कुणी म्हणत नाही. तसंच ‘त्याने’ नव्हे, ‘त्यांनी’. ‘तिला’ नव्हे, ‘त्यांना’. त्यामुळे असं वाक्य तपासताना आधी नामाचा शेवट बघा, क्रियापद नंतर.

आता हे वाक्य घ्या: सासूबाईंनी आजोबांना बोलावलं. दोघंही वडीलधारे, तरी क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी. कर्त्याला ‘नी’ आणि कर्माला ‘ना’ लागल्यावर क्रियापद कुणाकडेच बघत नाही, ‘बोलावलं’वरच थांबतं. हा भावे प्रयोग. इथे ‘बोलावले’ दिसलं तर बिचकू नका, ते ‘बोलावलं’चंच लेखी रूप आहे, अनेकवचन नव्हे.

समोरासमोर बोलताना मात्र मराठी फार सुंदर काम करते. ‘आजोबा, तुम्ही पोळी खाल्लीत का?’ यातला ‘ली’ पोळीसाठी आणि शेवटचा ‘त’ तुम्हीसाठी. तू म्हटलं असतं तर ‘खाल्लीस’. ‘तुम्ही कधी आलात?’ हे तर आजोबांना आणि सासूबाईंना जसंच्या तसं चालतं.

नात्यांचं म्हणाल तर आईला बहुतेक घरांत ‘तू’च, म्हणून ‘आई आली’. ‘आई आल्या’ असं ऐकलंत तर बहुधा सून सासूबद्दल बोलतेय. आजी काही घरांत ‘आली’, काहींत ‘आल्या’. बाबांना ‘तू’ म्हणणारी कितीतरी मुलं बाहेरच्यांशी बोलताना ‘बाबा आले’च म्हणतात. तुम्ही पाहुणे म्हणून जाणार असाल तर सगळ्याच मोठ्यांना खुशाल आदरार्थी बोला. यजमानीणबाई स्वतःच ‘मला तू म्हण’ म्हणाल्या तर गोष्ट वेगळी.