दोन पगारस्लिपा, एकच आठवडा

‘मुलगी लेस्टरला एमएससी करते. केअर होममध्ये बारा तास आणि दुकानात आठ तास काम करते. दोन्हीकडच्या स्लिपा मिळून वीसच होतात. तरी मैत्रिणी म्हणतात, व्हिसाला धोका आहे. खरं का?’
– एक आई, दांडिया बाजार, बडोदा

धोका खरा आहे, आणि तो स्लिपांमुळेच लक्षात आला नाही. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच काम करता येतं, आणि ही मर्यादा प्रत्येक मालकाला वेगळी नसते हे तुम्हाला माहीत आहे. पण आठवडा कुठून धरायचा, हे विचारलंत का? ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाच्या नियमांत आठवडा म्हणजे सोमवारपासूनचे सात दिवस. सगळा प्रश्न इथेच अडतो.

समजा, केअर होमची स्लिप रविवार ते शनिवार निघते. १ ते ७ फेब्रुवारी २०२६ च्या स्लिपेत बुधवार आणि गुरुवारचे सहा-सहा, म्हणजे बारा तास. पुढच्या स्लिपेत रविवार ८ चे सहा आणि मंगळवार १० चे सहा, पुन्हा बारा. दुकानात दर शुक्रवारी आणि शनिवारी चार-चार तास. कुठलीही स्लिप घ्या, बेरीज वीसच. आता सोमवार २ ते रविवार ८ मोजा: केअर होमचे अठरा, दुकानाचे आठ. सव्वीस झाले! रविवारचे सहा तास पुढच्या स्लिपेत गेले, एवढंच. पुढच्या आठवड्यात चौदाच तास भरले म्हणून हे सहा माफ होत नाहीत. इथे सरासरी चालत नाही.

त्यामुळे मुलीने आजच दोन्हीकडचे रोटा, म्हणजे पाळ्यांची वेळापत्रकं, काढून, रुजू झाल्याच्या दिवसापासून सोमवार-रविवार असा एकच तक्ता करावा. तारीख, सुरू-बंद वेळ, दोन मालकांचे दोन रकाने, शेवटी बेरीज. बिनपगारी ट्रायल शिफ्टही त्यात धरायची. रविवारची रात्रपाळी मध्यरात्री तोडायची. बारानंतरचे तास नव्या आठवड्यात. यापुढे जादा शिफ्टला हो म्हणण्याआधी हा तक्ता बघायचा, आणि दोन्ही मॅनेजरना दुसऱ्या नोकरीचे तास लेखी कळवायचे. एक मालक दुसऱ्याचे तास मोजत बसत नाही. ‘उन्हाळ्यात सुट्टीच असते’ यावरही विसंबू नका. एमएससीचा प्रबंध चालू असेल तर बहुतेक विद्यापीठं उन्हाळाही सत्रातच धरतात, तेव्हा तारखा विद्यापीठाकडूनच घ्या.

मॅनेजरला सांगून मागच्या नोंदी फिरवायचा विचार मात्र चुकूनही करू नका. जास्तीचे सहा तास कदाचित समजावून सांगता येतील; खोटी नोंद ही फसवणूक ठरते, आणि त्यामुळे पुढचे अर्जही बुडू शकतात.

एकाच आठवड्याच्या चुकीकडे अधिकारी कसं पाहतील, हे मी इथून सांगू शकत नाही. ते चूक किती वेळा झाली यावरही ठरू शकतं. तक्ता हातात आला की तिथल्याच नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराला किंवा सॉलिसिटरला दाखवा. विद्यापीठाच्या सल्लाकेंद्रात जाणार असाल, तर बोलणं गोपनीय राहतं का, हे आधी विचारा, कारण व्हिसा पुरस्कृत करणाऱ्या विद्यापीठावर नियमभंग कळवण्याची जबाबदारी असते. आणि शिक्षणानंतर तिथे राहून काम करण्यासाठीच्या ग्रॅज्युएट व्हिसाचा अर्ज हा सल्ला घेतल्यावरच भरा.