एकनाड आणि षडाष्टक दोन्ही निघालं, तर?

मुलीचं नक्षत्र अश्विनी, रास मेष. मुलाचं ज्येष्ठा, वृश्चिक. गुरुजी म्हणतात नाडी आणि भकूट दोन्ही दोष आहेत. दोष रद्द होतात का?

भकूट दोष रद्द होतो, नाडीचा उरतो.

भकूट चंद्रराशींच्या अंतरावरून पाहतात. एकमेकांपासून २-१२, ५-९ किंवा ६-८ आल्या की ७ पैकी शून्य गुण. मेषेपासून वृश्चिक आठवी, म्हणून षडाष्टक. पण दोन्ही राशींचा स्वामी मंगळच. स्वामी एक किंवा परस्परांचे मित्र असले की दोष मानत नाहीत, हे प्रीतिषडाष्टक.

नाडी मात्र नक्षत्रावरून ठरते: आद्य, मध्य, अंत्य. अश्विनी, ज्येष्ठा दोन्ही आद्य, म्हणून ८ पैकी शून्य. रास एक पण नक्षत्रं वेगळी, नक्षत्र एक पण राशी वेगळ्या, किंवा नक्षत्र एक पण चरण वेगळे असले तर सहसा परिहार धरतात. तुमच्याकडे यातलं काहीच नाही. मुलाचं नक्षत्र वृश्चिकेतलंच अनुराधा असतं तर नाडी मध्य आली असती, म्हणून जन्मवेळ आधी नीट तपासा.

आणि कृपया, एकनाड म्हणजे एक रक्तगट हे मनातून काढा. नाडीचा रक्तगटाशी काहीही संबंध नाही.