ब्राह्म्स, लिस्ट, बार्टोक यांनी वापरलेली लोकगीतं 'अस्सल' होती का?

प्रश्न: युरोपातल्या राष्ट्रवादी संगीतकारांनी आपापल्या देशाची लोकगीतं वापरली असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण हल्लीचे अभ्यासक म्हणतात की अस्सल लोकगीत ही कल्पनाच संशयास्पद आहे. मग या लोकांनी नक्की काय वापरलं? लोकांना फसवलं का?

उत्तर:

फसवलं नाही. चाली खऱ्या होत्या, कुणीतरी खरोखर गात होतं, वाजवत होतं. प्रश्न आहे तो त्यातल्या कुठल्या चालींना 'देशाचा आवाज' म्हणायचं हे कुणी ठरवलं याचा. मी हंगेरीबद्दलच सांगतो, कारण तिथे ही गोष्ट तीन टप्प्यांत अगदी स्पष्ट दिसते आणि बार्टोक हा माझा सगळ्यात आवडता संगीतकार आहे, त्याच्याबद्दल कुणी अर्धवट काही बोललं की मला राहवत नाही.

ब्राह्म्सपासून सुरू करू. त्याची पहिली दहा हंगेरियन नृत्यं १८६९ साली छापून आली, त्यातलं पाचवं तर तुम्ही हजार वेळा ऐकलं असेल, कार्टूनमध्ये, जाहिरातीत, कुठेही. ब्राह्म्सला वाटलं ही लोकांमध्ये फिरणारी चाल आहे. प्रत्यक्षात ती केलर बेला नावाच्या बँडमास्तरने लिहिलेली, छापलेली चार्दाश होती, म्हणजे त्या काळातलं लोकप्रिय नृत्यसंगीत. ब्राह्म्सने या नृत्यांना स्वतःच्या रचनांना देतात तो ओपस नंबर दिला नव्हता, आपण फक्त मांडणी केली असंच तो मानत होता, त्यामुळे चोरीचा आरोप करण्यात अर्थ नाही. पण कॅफेत, हॉटेलात रोमा, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हटलं जायचं त्या समाजातल्या वादकांचे बँड जे वाजवायचे तेच हंगेरीचं लोकसंगीत असा तेव्हा सगळ्यांचा समज होता. लिस्टने तर १८५९ मध्ये अख्खं पुस्तक लिहून सांगितलं की हंगेरियन म्हणून ओळखलं जाणारं संगीत मुळात रोमांनीच घडवलंय, त्यावर हंगेरीत मोठा गदारोळ झाला.

आता बार्टोक. १९०४ च्या उन्हाळ्यात तो एका खेड्यात राहायला गेला होता, तिथे कामाला असलेली, तेव्हा हंगेरीत असलेल्या ट्रान्सिल्व्हेनियाची लिदी दोशा नावाची तरुण मुलगी गाणी म्हणत होती, ती त्याच्या कानावर पडली आणि त्याच्या लक्षात आलं की शहरात जे वाजतं त्यापेक्षा हे काहीतरी वेगळंच आहे. पुढे झोल्टान कोदाय हा संगीतकार भेटला, तो आधीच गावोगाव फिरायला लागला होता, आणि दोघांनी १९०६ मध्ये वीस गाण्यांची छोटी वही काढली, पियानोच्या साथीसकट. प्रस्तावनेतच त्यांनी म्हटलंय की गावातलं गाणं शहरात आणायचं तर त्याला कपडे चढवावे लागतात, म्हणजे आपण त्यात हात घालतोय हे ते लपवत नव्हते.

मग खरं फिरणं सुरू झालं. एडिसनचा फोनोग्राफ घेऊन. मेणाच्या नळकांडीवर दोन-तीन मिनिटांचंच गाणं मावायचं, म्हणजे पंधरा कडव्यांचं गाणं असेल तर एक-दोन कडवी घ्यायची आणि बाकीचे शब्द हाताने लिहून काढायचे, शिवाय बाईला भोंग्यात तोंड घालून गायला लावायचं, ज्या बाईने आयुष्यात असलं यंत्र पाहिलेलं नाही आणि जिच्यासमोर शहरातला कोट घातलेला माणूस उभा आहे.

आणि इथे मला तुम्हाला एक पत्र सांगायचंय, कारण अभ्यासक ज्याच्यावर बोट ठेवतात ते सगळं त्यात आहे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बार्टोक ट्रान्सिल्व्हेनियात हिंडत होता आणि तिथून त्याने श्तेफी गेयर या व्हायोलिन वाजवणाऱ्या मैत्रिणीला पत्र लिहिलं, नाटकाच्या संवादासारखं. एका बाजूला प्रवासी, दुसऱ्या बाजूला शेतकरी बाई. प्रवासी म्हणतो जुनं गाणं म्हणा, अगदी जुनं, तुमच्या आजीकडून आलेलं. बाईला कळतच नाही याला नक्की काय हवंय. ती काहीतरी म्हणते, तर ते शहराकडून आलेलं निघतं, तो म्हणतो हे नको. मग देवाधर्माचं गाणं निघतं, तेही नको. असं चालूच राहतं आणि तो वैतागतो. पत्र तसं गमतीशीर आहे, पण त्या बाईच्या बाजूने वाचून बघा. तिला ही सगळी गाणी येतात, ती ती गाते, तिच्यासाठी तिन्ही प्रकार आपलेच आहेत. 'हे आपलं, हे बाहेरचं' ही रेघ तिने ओढलेली नाही, ती पाहुण्याने ओढली.

माझ्या मते या सगळ्या वादाचा गाभा हाच आहे. चाळणी कुणाच्या हातात होती. आणि वरून काय टाकून दिलं.

पुढे १९२४ मध्ये बार्टोकने हजारो चालींची वर्गवारी करून हंगेरियन लोकगीतावरचं पुस्तक लिहिलं. तीन वर्ग केले. पहिला जुन्या शैलीचा: पाच स्वरांची बैठक, चार ओळी, प्रत्येकीत सारखी अक्षरं, चाल वरून खाली उतरत येणारी आणि बऱ्याचदा पहिल्या दोन ओळींचाच आकार पुढच्या दोन ओळींत पंचमाने खाली, आणि लय बोलण्यासारखी सैल. दुसरा नव्या शैलीचा, जो एकोणिसाव्या शतकात तयार झाला: पहिली ओळ शेवटी पुन्हा येते, लय नाचासारखी पक्की. आणि तिसरा वर्ग म्हणजे उरलेलं सगळं, शेजाऱ्यांकडून आलेलं, शहरातून आलेलं, मिसळलेलं. आता गंमत बघा, तिसरा गठ्ठा सगळ्यात मोठा होता आणि पहिला सगळ्यात लहान. म्हणजे गावातले लोक प्रत्यक्षात सगळ्यात जास्त जे गात होते ते 'इतर', आणि म्हाताऱ्या माणसांकडून मुश्किलीने मिळणारं थोडंसं ते हंगेरीचं मूळ. संगीत म्हणून ती जुनी गाणी विलक्षण आहेत याबद्दल मला शंका नाही, बार्टोकच्या स्ट्रिंग क्वार्टेट्समधला सगळा ताण तिथूनच येतो. पण 'विलक्षण' आणि 'सगळ्या देशाचं प्रतिनिधी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकमेकांत घुसवल्या गेल्या.

यातून सगळ्यात जास्त कोण बाहेर फेकलं गेलं तर रोमा वादक. १९३१ च्या एका लेखात बार्टोकचं म्हणणं असं की लोक ज्याला जिप्सी संगीत म्हणतात ते खरं तर हंगेरियन मध्यमवर्गीय हौशी संगीतकारांनी रचलेली गाणी आहेत, रोमा बँड फक्त ती वाजवतात. माहिती म्हणून यात बरंच तथ्य आहे, केलरचं उदाहरण वर दिलंच. पण त्याच्या आधीच्या लेखनात रोमा म्हणजे चाल बिघडवणारे, अस्सलात भेसळ करणारे असा सूर वारंवार येतो, आणि केटी ट्रंपेनर, ज्युली ब्राउन, लिन हूकर या अभ्यासकांनी नेमकं हेच उलगडून दाखवलंय की शुद्ध शेतकरी विरुद्ध भेसळ करणारा रोमा ही मांडणी संगीतातून आलेली नव्हती, ती त्या काळच्या राष्ट्र आणि वंशाच्या राजकारणातून आली होती.

याचा पुरावा बार्टोकच्या स्वतःच्या कामात सापडतो. रुमानियन लोकनृत्यं, १९१५ ची, व्हायोलिन शिकणारा जवळपास प्रत्येक जण कधी ना कधी वाजवतो, मीही वाजवलीत. त्यातलं पहिलं काठीचं नृत्य त्याने दोन रोमा व्हायोलिनवादकांकडून ऐकून घेतलेलं आहे. म्हणजे ज्यांच्याबद्दल तो इतका साशंक होता त्यांच्याच हातातून त्याची सगळ्यात प्रसिद्ध 'शेतकरी' चाल आली! रुमानियन गावांमध्ये लग्नाला, नाचाला व्हायोलिन वाजवायला बऱ्याच ठिकाणी रोमाच असायचे, त्यांना वगळून ते संगीत मिळणंच अवघड होतं. आणि नावाचं बघा, सुरुवातीला या रचनेचं नाव 'हंगेरीतली रुमानियन लोकनृत्यं' असं होतं, पहिल्या महायुद्धानंतर ट्रान्सिल्व्हेनिया रुमानियात गेलं आणि 'हंगेरीतली' हा भाग गळाला. चाल तीच, वाजवणारे तेच, सीमा हलली आणि पाटी बदलली.

पण इथे बार्टोकवर अन्याय करायला नको, कारण त्याच्याइतकं स्वतःचं मत बदलणारा माणूस मला या सगळ्यात दुसरा दिसत नाही. तो रुमानियन, स्लोव्हाक गाणीही त्याच मेहनतीने गोळा करत होता आणि त्याबद्दल १९२० मध्ये मायदेशातल्या लोकांनी त्याला देशद्रोह्यासारखं झोडपलं. १९१३ मध्ये तो अल्जीरियात बिस्क्राला गेला, १९३६ मध्ये तुर्कस्तानात, आणि तुर्कस्तानात त्याला जुन्या हंगेरियन चालींशी जुळणाऱ्या चाली मिळाल्या. १९३४ नंतर त्याने जुनी नळकांडी पुन्हा ऐकून प्रत्येक मुरकी, प्रत्येक घसरण बारीक लिहून काढली, आणि लोकगीत क्षणाक्षणाला बदलत असतं, एकदा गायलं ते तसंच परत कधी येत नाही असं त्याने लिहिलं. १९४२ मध्ये, हिटलरचा काळ, तो अमेरिकेत होता, तेव्हा त्याने संगीतातल्या वंशशुद्धीवर छोटा लेख लिहिला आणि सरळ सांगितलं की पूर्व युरोपचं लोकसंगीत इतकं समृद्ध आहे ते सतत देवाणघेवाण झाल्यामुळेच, भेसळीमुळेच. तरुणपणी शुद्ध झरा शोधायला निघालेला माणूस इथे येऊन पोहोचला!

आता अभ्यासकांबद्दल तुम्ही म्हणताय तसं 'अस्सल असं काही नसतंच' हे जरा टोकाचं होतं. गंभीर अभ्यासक तसं क्वचितच म्हणतात. कार्ल डालहाउसचा मुद्दा असा होता की उघड्या पंचमाचा धरलेला स्वर, तीव्र मध्यम या युक्त्या नॉर्वेचं संगीत असो की पोलंडचं, सगळीकडे सारख्याच वापरल्या गेल्या, म्हणून 'हे आमच्या मातीचं' हे बरंचसं ऐकणाऱ्याने त्यात घातलेलं असतं. मॅथ्यू गेलबार्टने दाखवलं की लोकसंगीत आणि कलासंगीत असे दोन कप्पे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पडले, त्याआधी लोक संगीताची वाटणी वेगळ्या पद्धतीने करायचे. या दोघांचंही म्हणणं गाणं खोटं आहे असं नाहीये, कप्पा माणसांनी बनवलाय असं आहे.

तुम्हाला स्वतः पडताळून बघायचं असेल तर बार्टोकची मूळ फोनोग्राफ रेकॉर्डिंग्ज इंटरनेटवर सापडतात. खरखर खूप आहे, पण गायक कडव्यागणिक ओळ कशी बदलतो, श्वास कुठे घेतो, लय कुठे ताणतो ते ऐका, आणि त्याच चालीची पियानोची मांडणी लगेच लावा, बदललं काय ते तुमचं तुम्हालाच कळेल. आणि कुठल्याही 'लोकगीतावर आधारित' रचनेबद्दल वाचताना मी आता पहिल्यांदा तीनच गोष्टी शोधतो: कुणाकडून घेतलं, कुठल्या साली, आणि त्याच माणसाने आणखी काय गायलं होतं जे छापलं गेलं नाही. तिसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा वहीच्या समासात असतं, आणि बार्टोक-कोदायच्या नोंदी जपून ठेवल्या गेल्यामुळे हंगेरीत ते निदान शोधता तरी येतं.